कातळावरच्या प्रजातींची ‘मर्यादा’ कशाने ठरते?

प्रश्न: नागपूरच्या एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवते. खडकाळ किनाऱ्याच्या पाठात एक वाक्य आहे: ‘प्रजातीची वरची मर्यादा शुष्कनाने आणि खालची मर्यादा स्पर्धेने ठरते.’ एका जागी चिकटून बसलेल्या प्राण्यांना ‘स्पर्धा’ हा शब्द लावणे योग्य आहे का, आणि ‘शुष्कन’ऐवजी ‘उष्णता’ लिहिले तर चालेल का?

उत्तर: ‘स्पर्धा’ अवश्य ठेवावा, ‘उष्णता’ मात्र घेऊ नये. ‘शुष्कन’ जड वाटत असेल तर सरळ ‘वाळणे’ किंवा ‘शरीरातील पाणी उडून जाणे’ असे लिहावे. या वाक्यातली खरी अडचण मला ‘मर्यादा’ या शब्दात दिसते, कारण तो दोन वेगळ्या गोष्टींसाठी एकसारखाच वापरला आहे. वरच्या मर्यादेपलीकडे तो प्राणी जगू शकत नाही, कारण तिथली परिस्थिती त्याच्या शरीराला सोसत नाही. खालच्या मर्यादेपलीकडे मात्र तो एरवी उत्तम जगू शकला असता, पण तिथला शेजारी त्याला राहू देत नाही. हा फरक विद्यार्थ्यांना उमगला की वाक्यातले बाकीचे शब्द आपोआप जागेवर बसतात.

आपल्याकडच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी ओहोटीचा कातळ पाहिलेला नसतो, म्हणून आधी तो उभा करावा लागतो. कोकण किनाऱ्यावरचा काळा कातळ हा बराचसा आपल्या सेमिनरी हिल्सवर दिसतो त्याच दख्खनच्या लाव्हाचा आहे, एवढे सांगितले तरी त्यांना दगडाची ओळख पटते. या कातळावर पाणी दिवसातून साधारण दोनदा चढते आणि दोनदा उतरते. पण ते रोज सारख्याच उंचीवर पोहोचत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती कातळाच्या बऱ्याच वरच्या भागाला भिजवते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती त्याच्या पुष्कळ खालीच थांबते. भांगाची भरती जिथवर येते त्या रेषेच्या खालचा प्राणी काही तास कोरडा राहतो, पण रेषेच्या वरचा प्राणी सलग काही दिवस कोरडा राहू शकतो. कातळावर हातभर वर सरकल्याने प्राण्याच्या वाट्याला येणारा कोरडेपणा तासांवरून दिवसांवर जातो, आणि वरच्या मर्यादेचे गमक या उडीत आहे.

उदाहरणासाठी बार्नॅकल घ्यावा. हा खेकडा-कोळंबीच्या गोत्रातला प्राणी आहे. त्याचा डिंभ पाण्यात तरंगत वाढतो आणि शेवटी कातळावर योग्य जागा शोधून डोक्याच्या बाजूने स्वतःला कायमचा चिकटवून घेतो. मग त्याच्याभोवती चुनखडी पाट्यांची, ज्वालामुखीच्या तोंडासारखी भिंत उभी राहते, आणि वरच्या उघड्या तोंडावर चार लहान पाट्यांचे दार असते. पाणी आले की दार उघडते, आतून पिसासारखे पाय बाहेर येतात आणि पाण्यातले अन्न ओढून घेतात. पाणी गेले की दार मिटते आणि आत थोडेसे पाणी कोंडून ठेवले जाते. ते कोंडलेले पाणी पुढच्या भरतीपर्यंत पुरले पाहिजे. वर राहणाऱ्याला उपाशीही जास्त काळ राहावे लागते आणि तो सावकाश वाढतो, पण जीव सहसा जातो तो पाणी संपल्याने, आणि त्यातही नुकत्याच चिकटलेल्या पिलांचा. त्यांचे शरीर इतके लहान असते की आतल्या पाण्याच्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग फार मोठा पडतो, आणि एखाद्या कोरड्या, वाऱ्या-उन्हाच्या आठवड्यात ती सरसकट मरतात.

आता ‘उष्णता’ का नको, ते पाहू. ऊन आणि वाळणे बहुधा जोडीने येतात हे खरे, आणि तापलेल्या कातळावर उष्णतेनेही प्राणी मरतात. पण वरची मर्यादा केवळ तापमानाची नव्हे, हे कातळच सांगतो. जिथे लाटांचे तुषार सतत उडतात अशा उघड्या टोकावर तीच प्रजाती आडोशाच्या खाडीतल्यापेक्षा बरीच वर चढलेली आढळते. कातळाच्या भेगेत, ओल टिकते अशा जागी, ती उघड्या पृष्ठभागावरच्या आपल्या रेषेच्या वर सापडते. भरतीच्या पाण्याची उंची दोन्हीकडे तीच असते. बदलते ती ओल. म्हणूनच ‘वरची मर्यादा भरतीच्या उंचीने ठरते’ असेही लिहू नये, कारण उंची हे फक्त मोजमाप आहे, कारण नव्हे.

‘स्पर्धे’चा पुरावा मात्र नुसत्या निरीक्षणाने मिळत नाही, त्यासाठी ढवळाढवळ करावी लागते. ती जोसेफ कॉनेल या अमेरिकन परिस्थितिशास्त्रज्ञाने स्कॉटलंडमधल्या कम्ब्रे बेटावर केली आणि 1961 मध्ये प्रसिद्ध केली. तिथे वरच्या पट्ट्यात थॅमॅलस हा लहान बार्नॅकल राहतो आणि त्याच्या खाली सेमीबॅलॅनस हा मोठा, भराभर वाढणारा बार्नॅकल. कॉनेलच्या काळी त्याला बॅलॅनस म्हणत. थॅमॅलसचे डिंभ मात्र केवळ वरच उतरत नाहीत. ते मध्यम भरतीच्या पातळीच्या आसपास, म्हणजे ऐन बॅलॅनसच्या मुलखातही येऊन चिकटतात, पण तिथे मोठे झालेले थॅमॅलस जवळपास दिसत नाहीत. म्हणजे ते खाली येतात आणि मरतात. कशाने मरतात, एवढाच प्रश्न उरतो. ‘त्यांना जास्त वेळ पाण्याखाली राहणे सोसत नसेल’ असे उत्तर कोणीही सहज देईल, आणि ते वरच्या मर्यादेशी छान जुळतेही.

कॉनेलने थॅमॅलस बसलेले दगड वरून उचलून खालच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर पक्के बसवले. बॅलॅनसचे डिंभ येऊन चिकटेपर्यंत थांबून त्याने प्रत्येक ठिकाणचे दोन भाग केले. एका भागात थॅमॅलसला भिडणारे किंवा वेढणारे सगळे बॅलॅनस काढून टाकले, दुसऱ्या भागात काहीच केले नाही. काही ठिकाणी भक्षक गोगलगाय आत शिरू नये म्हणून जाळीचे पिंजरेही लावले. प्रत्येक प्राण्याची जागा नकाशावर नोंदलेली असल्यामुळे पुढच्या खेपेला कोण गेला आणि त्याच्या जागी काय आहे, हे त्याला एकेक करून पाहता आले. जिथे बॅलॅनस काढला तिथे थॅमॅलस खालीही चांगले जगले. जिथे तो राहू दिला तिथे ते बहुसंख्येने नाहीसे झाले. त्यामुळे पाण्याखाली राहणे सोसत नाही हे उत्तर बाद ठरले.

नाहीसे कसे झाले, हे जवळून पाहिले की ‘स्पर्धा’ शब्दाविषयीची शंका फिटावी. वाढणारा बॅलॅनस आपली पाट्यांची भिंत पसरवत नेतो. ती कधी थॅमॅलसच्या अंगावर चढून त्याला झाकून टाकते, कधी त्याच्या तळाखाली शिरून त्याला कातळावरून उचकटून काढते, तर कधी दोन्ही बाजूंनी दाबून चिरडते. आपल्याकडे धुरा कोरत कोरत शेजाऱ्याच्या वावरात शिरण्याची जी तऱ्हा आहे, तीच इथे चुन्याच्या भिंतीने चालते. थॅमॅलसचे मृत्यू बॅलॅनसच्या जोरदार वाढीच्या काळात सर्वाधिक होतात, आणि वाचलेले थॅमॅलस खुजे राहतात. दोघांनाही हवी असलेली एकच वस्तू म्हणजे जागा, ती मोजकी आहे, आणि एकाला मिळाली की दुसऱ्याची जाते. शास्त्रात स्पर्धा म्हणतात ती हीच. पळापळ किंवा हेतू तिच्यात असावाच लागतो असे नाही, म्हणून चिकटून बसलेल्या प्राण्यांना तो शब्द चपखल लागू पडतो. ‘संघर्ष’ मी टाळेन, कारण तो शब्द भक्षक आणि भक्ष्यालाही लावला जातो आणि मग नेमकेपणा जातो.

हाच बॅलॅनस वर का जात नाही? वर गेला तर थॅमॅलसला तो तिथेही गाडेल, पण त्याची पिले तिथे वाळून मरतात. थॅमॅलसला वाळणे त्याच्यापेक्षा अधिक सोसते, म्हणून शेजाऱ्याला जिथे पोहोचता येत नाही तो वरचा पट्टा त्याच्या वाट्याला उरतो. विद्यार्थी येथे हमखास एक चूक करतात. दोन्ही पट्टे जिथे भेटतात ती रेषा पाहून ते म्हणतात, की इथे दोन प्रजातींची बरोबरी झाली. बरोबरी झालेली नसते. बॅलॅनसच्या दृष्टीने ती कोरडेपणाची रेषा आहे आणि थॅमॅलसच्या दृष्टीने बॅलॅनसची. त्या रेषेवरून उद्या बॅलॅनस हटवला तर थॅमॅलस खाली उतरेल. थॅमॅलस हटवला तर बॅलॅनस वर चढणार नाही. प्रश्नपत्रिकेत विचारायचे तर हे विचारावे, कारण पाठ केलेल्या वाक्यावरून याचे उत्तर देता येत नाही.

मूळ वाक्यात ‘ठरते’च्या आधी ‘बहुधा’ घालणेही मला आवश्यक वाटते. बॅलॅनसची स्वतःची खालची मर्यादा पाहिली तर तिथे मुख्य हात कवचाला भोक पाडून आतला जीव खाणाऱ्या गोगलगायीचा असल्याचे कॉनेललाच दिसले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रॉबर्ट पेन यांनी एका कातळावरून तारामासे वर्षानुवर्षे काढून टाकले, तेव्हा वरच्या पट्ट्यातले शिंपले खाली सरकत गेले आणि त्यांनी इतर प्रजातींची जागा बळकावली. तिथे शिंपल्यांना खाली येऊ न देणारा तारामासा होता, म्हणजे खालची मर्यादा भक्षकाने आखलेली होती. कोकणातही वर बारीक बार्नॅकल आणि त्याखाली कालवे असे पट्टे दिसतात, पण तिथे पावसाळ्यात ओहोटीच्या वेळी कातळावर गोड्या पाण्याचा मारा होतो, तेव्हा स्कॉटलंडमधले कारण तिथल्या रेषेला तसेच चिकटवू नये. कोणती रेषा कशाची, हे कळण्याची खात्रीची रीत कॉनेलचीच: प्राणी रेषेपलीकडे न्यावा, शेजारी आणि भक्षक आलटून पालटून दूर ठेवावेत, आणि कोण जगते ते पाहावे.

तेव्हा पाठातले वाक्य मी असे लिहीन: ‘खडकाळ किनाऱ्यावर प्रजातीची वरची मर्यादा बहुधा वाळण्यामुळे, तर खालची मर्यादा बहुधा जागेसाठीच्या स्पर्धेमुळे किंवा भक्षकांमुळे पडते.’ ‘ठरते’ऐवजी ‘पडते’ मुद्दाम घेतले आहे. ‘ठरते’ने मर्यादा एकदाच आखून दिल्यासारखी वाटते, आणि एखाद्या वर्षी वसंत ऋतू कोरडा गेला तर बॅलॅनसची वरची रेषा खाली सरकते, हे त्यात मावत नाही.