सेन्सर मिनिटाला एकदाच बोलतो, तरी सेल दीड महिन्यात का संपतो?

प्रश्न: एनआरएफ५२८३२ वर तापमानाचा बीएलई सेन्सर केलाय, सीआर२०३२ सेलवर चालतो. मिनिटाला एक रीडिंग टॅबलेटला जातं, टॅबलेट कायम जोडलेला असतो. अ‍ॅडव्हर्टायझिंग इंटरव्हल १ सेकंद केला, तरी सेल दीड महिन्यात संपतो. इंटरव्हल अजून किती वाढवू?

उत्तर:

अ‍ॅडव्हर्टायझिंग इंटरव्हल आहे तसाच राहू द्या, दुखणं तिथे नाही. टॅबलेट जोडला गेला की तुमच्या सेन्सरचं अ‍ॅडव्हर्टायझिंग थांबतं. त्यानंतर सेल किती टिकेल हे कनेक्शन इंटरव्हलवर ठरतं, आणि तो इंटरव्हल सेन्सर ठरवत नाही, टॅबलेट ठरवतो.

नेमकी हीच चूक मी शीतगृहासाठी केलेल्या सेन्सरमध्ये केली होती. टेबलावर मोजलं तेव्हा सरासरी १४ मायक्रोअँपिअर येत होते, म्हणून दीड वर्ष तरी बघायला नको असं धरून चाललो. पण टेबलावर मोजताना समोर टॅबलेट जोडलेलाच नव्हता. जागेवर बसवल्यावर दोन महिन्यांच्या आत सगळे सेल बदलावे लागले.

आता तुमचाच हिशेब करू. अ‍ॅडव्हर्टायझिंगच्या एका फेरीत सेन्सर ३७, ३८ आणि ३९ या तिन्ही चॅनलवर हाक देतो आणि प्रत्येक हाकेनंतर क्षणभर कान देतो. माझ्या बोर्डावर ० डीबीएमला या एका फेरीला साधारण १२ मायक्रोकूलंब लागतात. एक मायक्रोअँपिअर एक सेकंद वाहिला की एक मायक्रोकूलंब, इतकं साधं गणित आहे. म्हणजे सेकंदाला एक फेरी असेल तर सरासरी १२ मायक्रोअँपिअर, त्यात झोपेतले २ मिळवले की १४. सेलमधून प्रत्यक्षात २०० मिलिअँपिअर-तास हाती येतात असं धरा, तर हे वीसेक महिने चालतं. तुमच्या १ सेकंदाच्या सेटिंगमध्ये काही गैर नाही ते यामुळेच.

कनेक्शनची गोष्ट वेगळी आहे. जोडलेली दोन्ही उपकरणं ठरलेल्या प्रत्येक इंटरव्हलला भेटतात. टॅबलेट आधी पॅकेट पाठवतो आणि सेन्सर उत्तर देतो. सांगण्यासारखं काही नसलं तरी रिकामं पॅकेट पाठवावंच लागतं. अशी एक रिकामी भेट माझ्याकडे सुमारे ५ मायक्रोकूलंबला पडते, म्हणजे अ‍ॅडव्हर्टायझिंगच्या फेरीपेक्षा स्वस्तच. पण अँड्रॉइडच्या नेहमीच्या, म्हणजे बॅलन्स्ड, सेटिंगमध्ये हा इंटरव्हल ३० ते ५० मिलिसेकंद असतो. ३० धरला तर सेकंदाला ३३ भेटी आणि दिवसाला जवळपास २९ लाख! तुमची रीडिंग दिवसाला फक्त १४४०. सरासरी निघते १६७ मायक्रोअँपिअर, झोपेसकट १६९. त्यावर सेल ४९ दिवस पुरतो. तुमचा दीड महिना तो हाच.

खात्री करून घ्यायची असेल तर अँड्रॉइडवर एनआरएफ कनेक्ट हे अ‍ॅप घ्या, सेन्सरला जोडा आणि लॉग पाहा. कनेक्शनचे पॅरामीटर बदलले की इंटरव्हल, लेटन्सी आणि टाइमआउट तिथे दिसतात. मात्र टॅबलेटवरचं तुमचं अ‍ॅप वेगळं वागत असू शकतं. त्याच्या कोडमध्ये `CONNECTION_PRIORITY_HIGH` शोधा. फाइल लवकर जावी म्हणून कुणी तरी हे घालतं आणि काढायचं राहून जातं. त्याने इंटरव्हल ११.२५ ते १५ मिलिसेकंदांवर येतो, आणि मग तीन-साडेतीन आठवड्यांतच सेल आटोपतो.

उपाय म्हणजे सेन्सरने टॅबलेटकडे वेगळे पॅरामीटर मागायचे. इथे लेटन्सी फार कामाला येते. लेटन्सी ४ म्हणजे सेन्सरला लागोपाठ चार भेटी चुकवायची मुभा, पाचवीला हजर राहिलं की झालं. त्यातही खास सोय अशी की सेन्सरकडे सांगण्यासारखं असेल तर तो पुढच्याच भेटीला जाऊ शकतो, त्याचं रीडिंग अडून राहत नाही. उशीर होतो तो टॅबलेटकडून येणाऱ्या आज्ञेला. तुमच्या कामात त्याने काही बिघडत नाही. फर्मवेअर ब्लूटूथवरून अपडेट करत असाल तर तेवढ्यापुरता इंटरव्हल पुन्हा लहान मागून घ्या.

सेन्सरचं फर्मवेअर झेफर या आरटीओएसवर असेल तर त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये मी हे ठेवतो:

```
CONFIG_BT_PERIPHERAL_PREF_MIN_INT=300
CONFIG_BT_PERIPHERAL_PREF_MAX_INT=312
CONFIG_BT_PERIPHERAL_PREF_LATENCY=4
CONFIG_BT_PERIPHERAL_PREF_TIMEOUT=600
```

इंटरव्हलचं एकक १.२५ मिलिसेकंद आहे, म्हणून ३०० म्हणजे ३७५ आणि ३१२ म्हणजे ३९० मिलिसेकंद. टाइमआउटचं एकक १० मिलिसेकंद, म्हणजे ६ सेकंद. हे आकडे उगाच निवडलेले नाहीत. अ‍ॅपलच्या नियमांत इंटरव्हल १५ मिलिसेकंदांच्या पटीत लागतो, आणि लेटन्सीत एक मिळवून त्याला इंटरव्हलने गुणलं की येणारा आकडा २ सेकंदांच्या आत लागतो. ३९० गुणिले ५ म्हणजे १.९५ सेकंद, त्यामुळे उद्या कुणी आयपॅड आणला तरी विनंती नाकारली जायला कारण उरत नाही. झेफर ही विनंती जोडणीनंतर सुमारे पाच सेकंदांनी आपणहून पाठवतं. टॅबलेटने ती मानली का हे मात्र `le_param_updated` या कॉलबॅकमध्ये छापून बघाच. नुसती मागितली म्हणजे मिळाली असं धरू नका.

आता एक खाचखळगा, ज्याने माझे दोन दिवस खाल्ले. दोन भेटींमध्ये १.९५ सेकंद गेले की दोन्हीकडची घड्याळं थोडी सरकलेली असतात. भेट चुकू नये म्हणून सेन्सर रिसीव्हर आधीच उघडून बसतो. तुमच्या बोर्डावर ३२.७६८ किलोहर्ट्‌झचा क्रिस्टल असेल आणि त्याची चूक २० पीपीएम धरली, टॅबलेटची ५०, तर हे आधी उघडणं ०.१४ मिलिसेकंदाचं. भागून जातं. पण क्रिस्टल वाचवून चिपच्या आतला आरसी ऑसिलेटर वापरला आणि त्याची चूक ५०० पीपीएम जाहीर केली, तर रिसीव्हर १ मिलिसेकंदाहून जास्त आधी उघडावा लागतो. ५.४ मिलिअँपिअरने त्याचे जवळपास ६ मायक्रोकूलंब होतात, म्हणजे भेटीचा खर्च दुपटीहून जास्त. क्रिस्टल असूनही कॉन्फिगरेशनमध्ये आरसी निवडलेला राहिला तर हेच घडतं, आणि बाहेरून काहीच कळत नाही. क्रिस्टल धरून सरासरी ५ मायक्रोअँपिअरच्या आसपास येते. कागदावर ती चार वर्षांहून जास्त भरते, पण सेन्सर थंडीत असेल तर तेवढी अपेक्षा धरू नका. गारठ्यात सेलचा अंतर्गत रोध वाढतो आणि रेडिओ सुरू होताना व्होल्टेज खाली बसतं. सेलला समांतर १०० मायक्रोफॅरडचा कमी गळतीचा कपॅसिटर लावा.

शेवटी टॅबलेट बंद असतो तेव्हाचं बघा. कनेक्शन तुटल्यावर सेन्सर पुन्हा अ‍ॅडव्हर्टायझिंग सुरू करतो, आणि बऱ्याच नमुना कोडमध्ये ते पटकन सापडावं म्हणून जलद ठेवलेलं असतं. २० मिलिसेकंदांवर, मधली यादृच्छिक भर धरून, सरासरी ४८० मायक्रोअँपिअर होते. रात्री दहा तास टॅबलेट बंद राहिला तर एका रात्रीत ४.८ मिलिअँपिअर-तास गेले, आणि चाळीसेक रात्रींत सेल संपला. म्हणून तुटल्यानंतर ३० सेकंद जलद हाका आणि मग १०२२.५ मिलिसेकंद, असा टायमर लावा. तुमचा १ सेकंद फक्त पहिल्यांदा सुरू होतानाच लागू होतोय की तुटल्यानंतरही, हे `disconnected` कॉलबॅकमध्ये आधी तपासा.