गॉसचं टेस्ला करताना

भावा, पीयूसीच्या गणितात चुंबकीय क्षेत्र गॉसमध्ये दिसलं की सूत्राला हात लावण्याआधी त्याला १०,००० ने भागून घे. १ टेस्ला म्हणजे १०,००० गॉस. नवखी पोरं इथंच उलटा गुणाकार करतात. शंका आली तर आपल्या बेळगावातलं पृथ्वीचं क्षेत्र आठव: साधारण ०.४ गॉस, म्हणजे ०.००००४ टेस्ला. टेस्लातला आकडा लहानच यायला हवा.

तुझंच गणित घे. क्षेत्र ५०० गॉस, प्रवाह ३ अँपिअर, तार २० सेंटिमीटर आणि क्षेत्राला लंब. तारेवरचं बळ काढायचं, तर F = BIL मध्ये ०.०५ × ३ × ०.२, उत्तर ०.०३ न्यूटन. ५०० तसेच टाकलेस तर ३०० न्यूटन येतात. तेवढ्या बळानं तीस किलोचं पोतं उचलेल. वीतभर तारेत एवढा जोर कुठून येणार? सेंटिमीटरचे मीटरही त्याच ओळीत करून टाक. ओर्स्टेड, मॅक्सवेल ही बाकीची चुंबकीय एककं सध्या बाजूला राहू देत.