बाळंतपणापेक्षा बिनपगारी रजा महाग पडते

प्रश्न: मी ३१ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. पहिलंच बाळ आहे, तिसरा महिना संपत आलाय. माझा पगार हातात ५८,००० आणि नवऱ्याचा ९२,०००. घराचा हप्ता ३६,०००, घरखर्च ५२,०००, सासूसासऱ्यांना १०,०००. दोघांच्या मिळून ३०,००० च्या एसआयपी आहेत: २०,००० निवृत्तीसाठी, १०,००० तीन वर्षांनी गाडी घ्यायची म्हणून. तीन लाखांची एफडी आहे. नवऱ्याला वर्षाचा बोनस हातात १,१०,००० मिळतो, तो डिलिव्हरीनंतर तीनेक महिन्यांनी येईल. पगारी रजा संपल्यावर मला आणखी सहा महिने घरी राहायचंय, कंपनी बिनपगारी रजा द्यायला तयार आहे. नवरा म्हणतो, वर्षभर सगळ्या एसआयपी बंद करू. मला ते पटत नाही, पण दुसरा मार्गही दिसत नाही. काय करावं?

उत्तर: नवऱ्याच्या सूचनेत एक गोष्ट बरोबर आहे. पैसे कमी पडणार आहेत. पण ते कधी कमी पडणार, याचा अंदाज चुकलाय. बहुतेक जोडपी दवाखान्याच्या बिलाला घाबरून तयारी करतात, आणि खरा खड्डा पडतो तो बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर.

तुमचा बिनपगारी महिना मांडून बघू. घरात येणार फक्त ९२,०००. हप्ता, घरखर्च आणि सासूसासरे मिळून ९८,०००. त्यात बाळाचे डायपर, डॉक्टर, औषधं, मालिशवाली बाई यांचे १२,००० धरले की झाले १,१०,०००. म्हणजे एसआयपी पूर्ण बंद केल्या तरी दरमहा १८,००० ची तूट राहतेच. एसआयपी चालू ठेवल्या तर तूट ४८,०००, सहा महिन्यांची २,८८,०००. दोन्हीकडे आधी साठवलेला पैसा लागणारच आहे, मग साठवायला आजपासूनच लागू.

आता बाळ येण्याआधीचा भाग. तुमचे सगळे खर्च आणि एसआयपी वजा जाता महिन्याला २२,००० उरायला हवेत. ते सध्या बचत खात्यात पडून कुठेतरी विरघळत असणार, बहुतेकांचं तसंच होतं. सहा महिन्यांचे १,३२,००० होतात. त्याच काळातला खर्च मी असा धरतो: तपासण्या, सोनोग्राफी, औषधं यांना ४०,०००, सिझेरियन झालंच तर विम्याने दिल्यावर खिशातून ७०,०००, बाळाचं सामान २०,०००, डोहाळजेवण आणि बारसं ३०,०००. एकूण १,६०,०००. दवाखान्याचा आकडा मी मुद्दाम सिझेरियनचा घेतलाय, नॉर्मल झाली तर तेवढे वाचले. पाळणा, दुपटी, झबली नात्यात कोणाची तरी माळ्यावर असतातच, ती मागायला लाजू नका. (सामानाची यादी सगळ्यात जास्त फुगते ती रात्री दोन वाजता फोनवर.)

रजेचा पगार मिळत असताना दरमहा साधारण १०,००० शिल्लक राहतील, सहा महिन्यांचे ६०,०००. त्यात बोनस १,१०,०००. म्हणजे जमा सगळी ३,०२,००० आणि गरज १,६०,००० अधिक २,८८,०००, म्हणजे ४,४८,०००. कमी पडतात १,४६,०००.

हा फरक मी गाडीच्या एसआयपीतून भरून काढेन. ते १०,००० बंद करायचे नाहीत, त्यांचं घर बदलायचं. या महिन्यापासून ते लिक्विड फंडात, म्हणजे हवे तेव्हा काढता येणाऱ्या कमी जोखमीच्या म्युच्युअल फंडात वळवा. पुढच्या १८ महिन्यांत १,८०,००० होतात आणि खड्डा भरून ३४,००० वर राहतात. तीन वर्षांनी लागणारा पैसा शेअर बाजारात ठेवणं मला तसंही पसंत नव्हतं. गाडी पुढे जाईल. निवृत्तीच्या २०,००० ला मात्र हात लावू नका.

का नको, तेही सांगतो. ३०,००० वर्षभर थांबवले तर ३,६०,००० गुंतवायचे राहतात. तुमच्या पंचावन्नाव्या वर्षापर्यंत १० टक्के परतावा धरला तर ते साधारण पस्तीस लाख होतात. सल्लागार हा आकडा दाखवून घाबरवतात. सहा टक्के महागाई काढली की आजच्या किमतीत तो पावणेनऊ लाखांच्या आसपास येतो, आणि परताव्याची हमी कोणीच देत नाही. तेवढ्यासाठी आयुष्य बुडत नाही. मला दुसरीच भीती वाटते: ‘वर्षभरासाठी’ थांबवलेली एसआयपी माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच घरांत पाळणाघर, मग नर्सरीची फी, मग शाळेचं डोनेशन या रांगेत कायमची मागे पडते.

बाळासाठीचा हा सगळा पैसा तुमच्या नावाच्या एकाच लिक्विड फंडात ठेवा. तुमच्याच नावाने, यामागे दोन कारणं आहेत. तुमच्या नावाची म्युच्युअल फंडाची एसआयपी तुमच्याच बँक खात्यातून जावी लागते, नवऱ्याच्या खात्यातून परस्पर चालत नाही. बिनपगारी महिन्यांत तुमच्या पगार खात्यात काहीच येणार नाही. मग हप्ता परत जातो, बँक दंड लावते, आणि मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते हुकले तर ती आपोआप रद्द होते. काही महिने पगार जमा झाला नाही की पगार खातं साधं बचत खातं होऊन किमान शिल्लकेचा नियमही लागू होऊ शकतो. म्हणून त्या सहा महिन्यांत दर महिन्याच्या सुरुवातीला फंडातून ३८,००० तुमच्या खात्यात काढा (४८,००० ची तूट, त्यातले १०,००० त्याच फंडात परत जाणार होते, ते न फिरवता). त्यातून एसआयपी जाईल आणि घरखर्चातला तुमचा वाटाही. दुसरं कारण: पगार थांबल्यावर प्रत्येक खर्चासाठी नवऱ्याकडे मागावं लागू नये. हा हिशोबाचा मुद्दा नाही, पण मी तो हिशोबाइतकाच धरतो.

बिनपगारी रजा सुरू होण्याच्या दिवशी फंडातली शिल्लक बघा. सगळं वरच्यासारखं झालं तर ती २,६२,००० च्या आसपास असेल. शिल्लक भागिले ३८,०००, इतके महिने तुम्ही निवांत घरी राहू शकता. समजा बारशाला जास्त गेले आणि १,९०,००० च उरले, तर पाच महिने. सहावा हवाच असेल तर शेवटच्या दोन महिन्यांपुरत्या एसआयपी थांबवा, आणि पुन्हा सुरू करायची तारीख त्याच दिवशी फोनवर लावा.

एफडीचे तीन लाख मी या हिशोबात कुठेच धरलेले नाहीत. बाळाला एनआयसीयूत ठेवावं लागलं तर त्यासाठी ते आहेत. नवजात बाळाचं बिल आईच्या बिलापासून वेगळं होतं, आणि तिथेच विम्याचे घोळ होतात. या आठवड्यात दोघांच्याही एचआरला मेल करा आणि लेखी उत्तर घ्या. बाळंतपणाची मर्यादा किती, नॉर्मलला आणि सिझेरियनला वेगळी आहे का? बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का, आणि ते बाळंतपणाच्या मर्यादेच्या आत की पूर्ण विम्यावर? जन्मानंतर किती दिवसांत बाळाचं नाव नोंदवायचं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘मर्यादेच्या आत’ असं आलं, तर एफडी दोन लाखांनी वाढवेपर्यंत महिन्याची बचत आणि नंतर बोनस तिकडे वळवा आणि घरी राहण्याचे महिने कमी धरा. बाळंतपणासाठी आता नवी वैयक्तिक पॉलिसी घेऊन फायदा नाही, प्रतीक्षा काळामुळे ही डिलिव्हरी त्यात बसणार नाही.

त्याच मेलमध्ये रजेचंही विचारून घ्या. कायद्याने दोनपेक्षा कमी हयात मुलं असताना २६ आठवडे पगारी रजा मिळते, त्यातले जास्तीत जास्त ८ डिलिव्हरीआधी घेता येतात, आणि अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत निदान ८० दिवस काम झालेलं हवं. तुमच्या ५८,००० मध्ये शिफ्टचा किंवा इन्सेन्टिव्हचा भाग असेल तर तो रजेत मिळेल का, हे आजच कळलेलं बरं. बिनपगारी काळात गटविमा चालू राहतो का, हेही. नसेल तर नवऱ्याच्या पॉलिसीत तुमचं आणि बाळाचं नाव असायलाच हवं.

नवऱ्याने दीड कोटींच्या आसपासचा साधा टर्म विमा बाळ येण्याआधी घ्यावा. तुमच्यासाठीही लागेल, पण गरोदरपणात विमा कंपन्या बऱ्याचदा प्रस्ताव डिलिव्हरीनंतरपर्यंत पुढे ढकलतात, त्यामुळे तुमचा नंतर.

दवाखान्यात तुम्हाला दोन माणसं भेटतील. एक नाळेतलं रक्त साठवायचा करार घेऊन येईल. स्वतःच्या बाळासाठी असं खासगी साठवण करायची शिफारस आयसीएमआर करत नाही. घरात त्यावर उपचार होणारा रक्ताचा आजार नसेल, तर नम्रपणे नाही म्हणा. दुसरा ‘चाइल्ड प्लॅन’ घेऊन येईल, बहुधा नात्यातलाच. पहिल्या वर्षी बाळाच्या नावाने कोणतीही नवी बांधिलकी घेऊ नका. मुलगी झाली तर सुकन्या समृद्धीचं खातं ती दहा वर्षांची होईपर्यंत कधीही उघडता येतं, घाई नाही.

लसीकरणाचा खर्च मी १२,००० मध्ये सरासरीने धरलाय. राष्ट्रीय कार्यक्रमातल्या लसी, बीसीजीपासून पेंटाव्हॅलंट, रोटाव्हायरस, न्यूमोकोकलपर्यंत, महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतात. अनेक बालरोगतज्ज्ञ स्वतःच सांगतात की त्या तिथे घ्या आणि उरलेल्या माझ्याकडे. तुमच्या डॉक्टरांना विचारा.

तुम्ही कामावर परत गेलात की पाळणाघर सुरू होईल. १२,००० धरले तर दोघांच्या पगारातून, ३०,००० गुंतवून, महिन्याला २,००० कमी पडतात. म्हणून गाडीचे ते १०,००० तेव्हा पाळणाघराच्या फीला लावा, म्हणजे तूट भरून महिन्याला ८,००० उरतील. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने पाळणाघराची सोय देणं कायद्याने बंधनकारक आहे, पण न मागता ती क्वचितच मिळते. मेल लिहिताय तेव्हा हाही प्रश्न त्यातच घाला.