आड, पोहरा आणि इंग्रजी दगड

‘आमच्या बँकेत केरळहून एक सहकारी आलेत, त्यांना मराठी म्हणींचा भारी नाद. “आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार” याला मी “यू कान्ट गेट ब्लड फ्रॉम अ स्टोन” म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती म्हण थकीत कर्जदाराला लावली! चुकलं कोणाचं?’ (जळगाव)

तुमचं. ती इंग्रजी म्हण मुळातच वसुलीची आहे. ज्याच्याकडे पैसा नाही, किंवा जो सोडणारच नाही, त्याला कितीही पिळा, हाती काही लागत नाही. तिथे कोणीतरी पिळत असतो आणि म्हणीचा सगळा रोख त्याच्या वाया जाणाऱ्या खटपटीवर असतो. आपल्या म्हणीत पिळणारा कोणी नाही. पोहरा आपलं काम चोख करतो, खाली जातो, वर येतो. खोट आडात आहे.

म्हणून शिकवायला सुरुवात वस्तूंपासून करा. आड म्हणजे अरुंद, खोल, पायऱ्या नसलेली विहीर. पोहरा म्हणजे दोराला बांधून पाणी शेंदायचं भांडं. शेताला पाणी देणारी मोट वेगळी, ती बैल ओढायचे. इंग्रजीत आड आणि विहीर दोन्ही ‘वेल’च, पण तुमच्या मित्राला अडचण येणार नाही. केरळात घरोघरी अंगणात विहीर असते, तिला ते ‘किणर’ म्हणतात. त्यांना दगडापेक्षा शब्दशः भाषांतरच लवकर पटेल: ‘इफ इट इजन्ट इन द वेल, हाऊ विल इट कम अप इन द बकेट?’ यातला प्रश्न मात्र मोडू नका. सरळ विधान केलं की टोमणा जातो आणि उरते नुसती पाण्याची माहिती.

मग वापर. समजा, नवी पोरं कर्जाचे कागद चुकीचे तपासतात आणि चौकशीत कळतं की शिकवणाऱ्या साहेबालाच नियम माहीत नाही. इथे साहेब आड, पोरं पोहरा. दुसरा वापर एकाच माणसाचा: डोक्यात विषयच नाही, तर भाषणात कुठून येणार? कर्जदाराच्या बाबतीत मात्र पोहरा कोण, हेच सांगता येत नाही. तिथे त्यांना तुमचा दगडच वापरू द्या.

बँकेतला माणूस म्हणून त्यांना ‘नेमो डॅट क्वॉड नॉन हॅबेट’ हे लॅटिन सूत्र आठवेल: जे आपलं नाही ते दुसऱ्याला देता येत नाही. आपल्या 1930 च्या मालविक्री कायद्याचं कलम 27 त्यावरच उभं आहे. ऐकायला जवळचं वाटतं, पण ते मालकी हक्काचं आहे. आपली म्हण कुवतीची.

आणि एक सावध करून ठेवा. नापास पोराबद्दल बापासमोर ही म्हण काढली, तर पोरगा सुटतो आणि बाण बापाला लागतो. गावाकडे अहिराणीत कोणी ‘आडमा’ म्हणून सुरुवात केली की बापमंडळी उगाच उठून जात नाहीत.