हॅमस्टरच्या पिल्लाला जुलाब

प्रश्न: म्हापशाहून आणलेलं पाच आठवड्यांचं सीरियन हॅमस्टर कालपासून पातळ शी करतंय, शेपटी ओली आहे. सोमवारपर्यंत थांबलं तर चालेल?

उत्तर: नाही, आजच पशुवैद्याकडे न्या, पणजी किंवा मडगाव गाठावं लागलं तरी. आईपासून नुकत्याच तुटलेल्या पिल्लांत हा बहुधा 'वेट टेल' नावाचा आतड्याचा आजार असतो आणि लक्षणं दिसल्यावर पिल्लू दोनेक दिवसांतही दगावतं. लॉसोनिया इंट्रासेल्युलॅरिस हा जिवाणू लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या पेशींत शिरतो. त्या पेशी अर्धवट वाढलेल्या अवस्थेतच संख्येने भराभर वाढत जातात, आतडं जाड होतं आणि पाणी शोषलंच जात नाही. 40 ग्रॅमच्या पिल्लाचं 4 मिली पाणी गेलं, म्हणजे चमचाभरही नाही, तरी वजनाचा दहावा हिस्सा गेला. मानेवरची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडा. ती उभीच राहिली, डोळे खोल गेले असतील तर त्वचेखालून सलाईन लागेल. घरातलं अमॉक्सिसिलिन मात्र अजिबात देऊ नका. त्याने आतड्यातले चांगले जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम हा घातक जिवाणू माजतो आणि त्याच्या विषानेच पिल्लू जातं. काकडी जास्त खाऊनही शी पातळ होते, पण तेव्हा पिल्लू खेळतं-खातं आणि शेपटी सहसा कोरडी असते.