नजर खिळवणे, नेम धरणे आणि मोकळी नजर

‘काका, धाकट्या भावासाठी कंट्रोलरच्या बटणांचा कागद मराठीत लिहितेय. लॉक-ऑनला “लक्ष्य-कुलूप” लिहिलं, तर त्याला ते कळेचना. “निशाणा लावणे” चालेल का? आणि टार्गेट बदलणं, मोकळं बघणं, यांना काय लिहू?’

लॉक-ऑनला ‘नजर खिळवणे’ लिही, टार्गेट बदलायला ‘नजर वळवणे’ आणि मोकळं बघायला ‘नजर फिरवणे’. तिन्ही ठिकाणी मी मुद्दाम नजर घेतली आहे, कारण या तिन्हींत हत्यार चालत नाही, कॅमेरा चालतो.

‘निशाणा’ आपल्या इंदुरात सगळ्यांच्या तोंडी आहे, तरी इथे तो घोटाळा करेल. तू लिहिलं आहेस की तुमच्याकडे एल्डन रिंग खेळतात. त्यात धनुष्य दोन्ही हातांत घेऊन L1 दाबलं की खरोखर नेम धरता येतो: दृश्य जवळ येतं आणि बाण कुठे जाणार ते आपण स्टिकनं ठरवतो. ‘नेम’ आणि ‘निशाणा’ हे शब्द त्या L1 साठी राखून ठेवावे लागतात. R3 ला, म्हणजे उजवी स्टिक आत दाबण्याला, तेच नाव दिलंस तर एका कागदावर दोन निशाणे होतील आणि भाऊ घाईत चुकीचं बटण दाबेल. R3 दाबून तलवार लागत नाही. शत्रूच्या अंगावर एक पांढरा ठिपका येतो आणि तो कुठेही सरकला तरी कॅमेरा त्याच्याकडेच राहतो. वार तरीही हुकू शकतो.

कुलूप मला पटत नाही ते दुसऱ्या कारणानं. कुलूप लावलं की ती वस्तू बंद होते. इथे शत्रू मोकळाच आहे, बांधली गेली आहे ती आपली नजर. मराठीत त्याला तयार क्रियापद आहे: खिळणे. नाटक प्रेक्षकांना खिळवून ठेवतं, दाराशी उभ्या माणसाची नजर रस्त्यावर खिळते. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर बघायला गेली असशील. गुलाल तीन-तीन मजले उडतोय, चारी बाजूंनी लोंढा, आणि बरोबरचं पोर दोन हात पुढे. तेव्हा आपण त्याच्या लाल टोपीवर नजर खिळवून चालतो. पाय डावी-उजवीकडे, कधी मागेही जातात, पण तोंड टोपीकडेच राहतं. खेळात अगदी हेच होतं. नजर खिळलेली असताना डावी स्टिक बाजूला ढकलली, तर आपला गडी वळून चालू लागत नाही, शत्रूकडे तोंड ठेवून त्याच्याभोवती फिरतो. शब्द बरोबर असला की ही चाल वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

‘नजर रोखणे’ही मनात आलं होतं. शब्द सुरेख आहे, पण रोखणे म्हणजे अडवणेही होतं, आणि ढालीनं वार अडवायचं बटण याच कागदावर असणार. म्हणून ते सोडलं.

ही सोय लोकांना पहिल्यांदा नीट भेटली ती १९९८ च्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’मध्ये. निन्टेंडो ६४ च्या कंट्रोलरला खालच्या बाजूला Z बटण होतं, त्यावर ती बसवली होती. त्या खेळात एक निवड करता येई: बटण धरून ठेवलं तरच नजर खिळलेली राहावी, की एकदा दाबून सोडलं तरी राहावी. मराठीत हा फरक चोख पडतो, ‘दाबून धर’ आणि ‘दाबून सोड’. एल्डन रिंगमध्ये दाबून सोडायचं असतं आणि पुन्हा दाबलं की नजर मोकळी होते. त्या दुसऱ्या दाबण्याला ‘नजर काढणे’ मात्र लिहू नकोस. घरात त्याचा अर्थ मीठ-मोहऱ्यांचा आहे. ‘नजर मोकळी करणे’ लिही.

आता वळवणे आणि फिरवणे. हे दोन्ही एकाच उजव्या स्टिकवर आहेत आणि खरी गफलत इथेच होते. नजर मोकळी असेल तर उजवी स्टिक कॅमेरा चारी दिशांना नेते. आपण वर्तमानपत्रावरून नजर फिरवतो, तसं. नजर खिळलेली असेल तर तीच स्टिक उजवीकडे झटकली की पडद्यावर उजवीकडे जो दुसरा शत्रू असेल, त्याच्यावर ठिपका जातो. म्हणून ‘पुढचा शत्रू’ लिहू नकोस. क्रम पाठ करून बटण दर वेळी पुढच्याकडे नेणारे खेळही असतात, तिथे ‘पुढचा’ बरोबर. इथे ‘उजवीकडच्याकडे नजर वळव’ असंच लिही, आणि ‘झटकून’ हा शब्द जरूर घाल. स्टिक ढकलून धरायची नसते, झटकून सोडायची असते.

माझ्या भाच्याचं राजेंद्रनगरात बसून बघितलेलं सांगतो. समोर दोन ढालवाले आणि डावीकडे मागे एक तिरंदाज. भाच्याला आधी तिरंदाज संपवायचा होता. त्यानं R3 दाबून जवळच्या ढालवाल्यावर नजर खिळवली, मग स्टिक डावीकडे झटकली, ठिपका तिरंदाजावर गेला. इथवर ठीक. तो मेला, ढालवाले पाठीशी राहिले. नजर पुन्हा खिळवायला त्यानं घाईत R3 दाबलं, पण पडद्यावर शत्रूच नव्हता. अशा वेळी तेच बटण कॅमेरा आपल्या पाठीमागे आणून सरळ करतं. तो गोंधळला, पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. आधी नजर फिरवायची, ढालवाला पडद्यावर आला की मग खिळवायची, एवढंच करायचं होतं. म्हणून कागदावर R3 पुढे दोन ओळी हव्यात: शत्रू दिसत असेल तर ‘नजर खिळव किंवा मोकळी कर’, नसेल तर ‘कॅमेरा सरळ कर’.

दुसरी अडचण अंगठ्याची. स्टिक जोरात आत दाबताना ती किंचित कलते, आणि नजर मोकळी करायच्या ऐवजी भलत्याच शत्रूवर वळते. ज्या कंट्रोलरला मागे बटणं असतात, त्यातल्या एकावर R3 बसवलं की हा त्रास जातो, कारण खिळवण्याचं काम मधल्या बोटाकडे जातं आणि स्टिकवर फक्त वळवणं-फिरवणं उरतं. तसं केलंस तर कागदावर R3 खोडून ‘मागचं उजवं’ लिही. आणि ठिपका हात न लावताच उड्या मारत असेल, तर नजर मोकळी करून अंगठा उचलून बघा. कॅमेरा तरीही हळूहळू सरकत असेल तर दोष स्टिकचा आहे, सवयीचा नाही.

एक जागा अशी आहे जिथे नजर खिळवूच नये, ती ड्रॅगनची. ठिपका उंचावर बसतो, कॅमेरा आभाळाकडे बघू लागतो आणि आपल्या पायाशी काय चाललंय ते दिसत नाही. पळून जातानाही तसंच, नजर मागे आणि पाय पुढे. भावाच्या कागदावर या दोन्हींपुढे ‘मोकळी नजर’ असं लिहून ठेव. क्रियापद नसलं तरी तिथे हेच नाम हवं, कारण ते बटण नाही, ती स्थिती आहे.