एकाच एडिटमधून यूट्यूब आणि रील

प्रश्न: पुरणपोळीचा 8 मिनिटांचा आडवा व्हिडिओ तयार आहे. रीलसाठी तोच नुसता कापून चालेल का?

उत्तर: नुसता कापून चालणार नाही. मूळ टाइमलाइन तशीच ठेवावी, तिची प्रत काढावी आणि त्या प्रतीत 9:16 ची चौकट लावावी. 1920×1080 च्या आडव्या चित्रातून उभी चौकट घेतली की रुंदीचे जेमतेम 608 पिक्सेल, म्हणजे सुमारे एक तृतीयांश चित्र उरते आणि ते 1080 पर्यंत ताणल्यावर पोळीचा पदर धूसर दिसतो. चित्रीकरण 4K मध्ये असेल तर ही अडचण येत नाही. तरीही पोळपाट डावीकडे आणि तवा उजवीकडे असल्यास दोन्ही एका चौकटीत मावत नाहीत, म्हणून प्रत्येक शॉटमध्ये चौकट हाताने सरकवावी लागते.

सुरुवात मात्र नव्यानेच निवडावी. यूट्यूबवर पाहणारा शीर्षक वाचून आलेला असतो, त्यामुळे तिथे तयार पोळी दाखवून साहित्याकडे वळले तरी चालते. रीलमध्ये व्हिडिओ अचानक त्याच्यासमोर येतो. तिथे लाटताना पोळी फाटून पुरण बाहेर येते तो क्षण पहिल्या 2 सेकंदांत ठेवावा आणि पुढच्या 35–40 सेकंदांत पुरण किती घट्ट शिजवायचे, एवढेच सांगावे. डाळ भिजवणे, वेलची कुटणे हे सारे गाळावे, हा माझा आग्रहच आहे.

अक्षरे वेगळ्या ट्रॅकवर असू द्यावीत, कारण रीलच्या तळाशी नाव आणि मजकूर येतो व त्याखाली ती झाकली जातात; वेगळी असली की प्रतीत ती वर सरकवता येतात.